पाच चुकांना कुलूप, की चुकीगणिक उशीर?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डर आणि पॅकिंगचं पोर्टल मी सांभाळतो. वापरणारे दीडशेच्या आतच आहेत: ऑफिस, पॅकिंग हॉल, डिस्पॅच आणि बाहेरगावचे एजंट. एजंटांसाठी लॉगिनचं पान इंटरनेटवर उघडं ठेवावं लागतं आणि उघडं पान म्हटलं की पासवर्ड चाचपणारे प्रोग्रॅम येतातच. त्यांना अडवायचे तीन मार्ग मी या पोर्टलवर वापरून पाहिले. आधी लॉकआउट, मग आयपीवरचं रेट लिमिट आणि शेवटी खात्यावरचं थ्रॉटलिंग, म्हणजे चुकीगणिक वाढत जाणारा उशीर. तुम्हीही यातलं काय निवडावं या विचारात असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. पोर्टल बँकेचं असेल तर मात्र तुमचा हिशोब वेगळा निघू शकतो.

लॉकआउटचा नियम सगळ्यांसारखाच होता. पाच चुका झाल्या की खातं अर्धा तास बंद. दीड वर्ष त्याचा त्रास झाला नाही. मग एका सोमवारी डिस्पॅचच्या क्लार्कचा फोन आला, "सर, लॉक पडलंय बगा की. मी तर एकदाबी चुकलो नाही." मी खातं उघडून दिलं. अर्धा तास होतो न होतो तोच पुन्हा फोन. बाहेर न्हावा शेवाला जाणारा कंटेनर भरून उभा होता, पॅकिंग लिस्ट पोर्टलमध्ये अडकली होती, आणि लॉक पडलं की चालू सेशनही तुटायचं. दुपारपर्यंत मी ते खातं सहा वेळा उघडलं. कुणीतरी मुद्दाम त्यांचं खातं बंद पाडतंय असं आम्ही दोघांनीही धरून चाललो. पासवर्ड बदलला, लगेच पुन्हा बदलला, तरी तेच.

दुसऱ्या दिवशी लॉग नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. चुकीचे प्रयत्न बरोबर पाच-पाच मिनिटांनी येत होते, सेकंदाचा आकडाही तोच. रात्री दोन वाजताही येत होते. आयपी कारखान्याचा नव्हता, मोबाइल कंपनीचा होता. आणि प्रत्येक ओळीत आमच्याच ॲपची जुनी आवृत्ती दिसत होती. क्लार्कने शनिवारी पासवर्ड बदलला होता. त्यांचा आधीचा फोन आता घरी मुलाकडे होता. त्यावरचं ॲप कुणी उघडत नव्हतं, पण मागच्या मागे दर पाच मिनिटांनी सिंक करायला जुना पासवर्ड पाठवत होतं. त्यांनी लॉगिन केलं की मोजणी शून्यावर यायची, पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत फोनच्या पाच चुका पुऱ्या व्हायच्या, मग अर्धा तास कुलूप. मी मधेमधे उघडून दिलं नसतं, तर आठ तासांच्या पाळीत अर्ध्याहून जास्त वेळ त्यांचं खातं बंदच राहिलं असतं, आणि बाहेरचा चोर एकही नव्हता.

माझं मत फिरलं ते या दोन दिवसांत. फोन शोधून ॲप काढून टाकलं की विषय संपला असता. पण मला बोचलं ते वेगळंच. ज्याला पासवर्ड माहीत नाही, अशा कुणाच्याही हातात आम्ही दुसऱ्याचं खातं बंद करायची किल्ली ठेवली होती. आमची युजरनेम म्हणजे कर्मचारी क्रमांक, ओळीने वाढत जाणारे. एखाद्याने रात्री प्रत्येक क्रमांकावर पाच चुकीचे पासवर्ड टाकले असते आणि दर अर्ध्या तासाने तेच केलं असतं, तर सकाळी आठच्या पाळीला अख्खा कारखाना बाहेर राहिला असता. शिवाय सारखे फोन यायला लागले की उघडून देणाराही ढिला पडतो. मी स्वतः तिसऱ्या फोनपासून खात्री न करता खातं उघडत होतो. त्या आवाजात दुसरा कुणी बोलत असता, तर मी त्यालाही पासवर्ड बदलून दिला असता.

जुन्या पासवर्डच्या या दुखण्यावर विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एक चांगला उपाय आहे. चुकीचा पासवर्ड त्याच खात्याच्या आधीच्या दोन पासवर्डांपैकी एखाद्याशी जुळला, तर ती चूक मोजणीत धरली जात नाही. तुम्हाला लॉकआउट ठेवायचंच असेल तर आधी एवढं करा. जुन्या दोन पासवर्डांचे हॅश जपून ठेवले की जमतं. चुकांची मर्यादाही वाढवा. लंडनमधल्या ब्रॉस्टॉफ आणि सासे या संशोधकांनी 2003 मध्येच तीनऐवजी दहा संधी द्याव्यात असं सुचवलं होतं. कार्ड पेमेंटच्या पीसीआय नियमांची मर्यादाही सहावरून चौथ्या आवृत्तीत, 2022 साली, दहावर आली.

मग मी रेट लिमिटकडे वळलो, कारण ते एनजिनएक्समध्ये दोन-तीन ओळींत बसतं.

```
limit_req_zone $binary_remote_addr zone=login:10m rate=10r/m;

location /login {
    limit_req zone=login burst=5 nodelay;
    limit_req_status 429;
}
```

इथे मोजणी खात्याची होत नाही, आयपीची होते. मिनिटाला दहा म्हणजे सहा सेकंदांत एक विनंती, वर पाचांची सवलत. शेवटची ओळ मी नंतर घातली. ती नसेल तर एनजिनएक्स 503 देतं, आणि लोक सर्व्हर पडला म्हणून फोन करतात.

सोलापुरातल्या कारखान्याला हे का जमलं नाही, ते पहिल्याच सकाळी कळलं. आत साठ-सत्तर माणसं असली तरी ब्रॉडबँड एक, म्हणजे बाहेरून दिसणारा आयपी एकच. आठला पाळी बदलते, पाच-सात मिनिटांत तीसेक जण लॉगिन करतात. आणि हे लिमिट चुका मोजत नाही, विनंत्या मोजतं. बरोबर पासवर्ड टाकणाराही धरला जातो. पान उघडणं एक विनंती, पासवर्ड पाठवणं दुसरी. म्हणजे सवलतीतल्या पहिल्या सहा विनंत्यांत तीनच माणसं आत गेली, बाकीचे थांबले, आणि थांबलेला माणूस पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो, म्हणजे भर आणखीच. मोबाइलवरून येणाऱ्यांचं तसंच, कारण मोबाइल कंपन्या एका आयपीमागे अनेक ग्राहक ठेवतात. भाड्याच्या शेकडो आयपींवरून येणाऱ्याला मात्र याने फारसा फरक पडत नाही.

तरी रेट लिमिट मी पूर्ण काढलं नाही. `Solapur@123` असा एकच पासवर्ड घेऊन दीडशे खात्यांवर फिरणारा माणूस लॉकआउटला दिसतच नाही, कारण प्रत्येक खात्यावर त्याची चूक एकच असते. तो एकाच आयपीवरून आला तर रेट लिमिटला सापडतो. म्हणून ते सैल आकड्यावर, फक्त पासवर्ड पाठवण्याच्या विनंतीपुरतं ठेवलंय. खरा बंदोबस्त म्हणजे असे पासवर्ड ठेवूच न देणं. गावाचं, देवाचं आणि कारखान्याचं नाव आम्ही आता नाकारतो.

आता थ्रॉटलिंग, जे गेलं वर्षभर चालू आहे. पहिल्या तीन चुका माफ. चौथीपासून थांबायचा वेळ दुप्पट होत जातो: 2 सेकंद, 4, 8, असं 512 पर्यंत, आणि नंतर कायम 15 मिनिटं. माणसाला हे जवळजवळ जाणवत नाही. कॅप्स लॉक चालू राहिलेला माणूस चौथ्या-पाचव्या चुकीला थांबतो, सहा सेकंद गमावतो आणि आत जातो.

लॉकआउट जास्त कडक असतं असं मलाही वाटायचं. पण हिशोब मांडून बघा. अर्ध्या तासाने आपोआप उघडणाऱ्या लॉकआउटमध्ये चाचपणाऱ्याला अर्ध्या तासात पाच, म्हणजे दिवसाला 240 संधी मिळतात. थ्रॉटलिंगमध्ये 15 मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला 96. जे सौम्य वाटतं त्यातच चोराला कमी मिळतं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत एका खात्यावर सलग शंभराहून जास्त चुका होऊ देऊ नयेत असं आहे. आमच्या चढत्या उशिरात शंभरावी चूक साधारण 22 तासांनी येते, आणि तिथे अनोळखी यंत्रांसाठी पासवर्डची वाट बंद होते. मग मोबाइलवर ओटीपी घेऊनच आत यावं लागतं.

"अनोळखी यंत्र" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसतं खात्यावर थ्रॉटलिंग लावलं तर तेच जुनं दुखणं सावकाश परत येतं: कुणीतरी चुका करत राहतो आणि खऱ्या मालकाला पंधरा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. म्हणून एकदा यशस्वी लॉगिन झालं की त्या ब्राउझरला आम्ही सही केलेली कुकी देतो, त्या खात्यापुरती. ती असेल तर त्या यंत्राच्या चुका वेगळ्या मोजल्या जातात आणि बाहेरच्यांच्या चुकांचा त्याला त्रास होत नाही. त्या यंत्रावरही दहा चुका झाल्या की कुकी बाद, आणि ते अनोळख्यांच्या रांगेत. कल्पना माझी नाही. पिंकास आणि सँडर यांनी 2002 मध्ये अशीच मांडणी केली होती, आणि ओवास्पनेही ती सांगितली आहे.

डिस्पॅचचा तो सोमवार या व्यवस्थेत पुन्हा घडवून पाहिला. जुन्या फोनला मुद्दाम जुना पासवर्ड पाठवत ठेवलं. दहा चुकांनंतर त्याची कुकी गेली आणि तो अनोळखी झाला. क्लार्क आपल्या नेहमीच्या संगणकावर दिवसभर काम करत होते, त्यांना काहीच कळलं नाही.

बांधताना एक चूक टाळा. उशीर करायचा म्हणून सर्व्हरवर विनंती धरून ठेवू नका. मी आधी तेच केलं, आणि चाचपणाऱ्याच्या वीसेक विनंत्यांनी सगळे वर्कर अडकून पोर्टल ठप्प झालं. खात्यासमोर पुढची परवानगीची वेळ लिहून ठेवा आणि त्याआधी आलेल्याला लगेच परत पाठवा, पासवर्ड न तपासता. आणि अस्तित्वातच नसलेल्या युजरनेमलाही हेच उत्तर द्या, नाहीतर कोणते क्रमांक खरे आहेत ते त्यावरूनच कळतं.

चार अंकी पिन असेल तर मात्र मी लॉकआउटच घेईन, आणि तेही आपोआप न उघडणारं. दहा हजार शक्यतांत शंभर संधी देणं फार होतं, त्यातून लोक 1234 आणि जन्मसाल ठेवतात. ॲडमिनच्या दोन खात्यांवरही आम्ही लॉकआउट ठेवलंय. उघडून देणारा मी शेजारच्याच खोलीत असतो.

थ्रॉटलिंगमध्ये एक कटकट अजून मिटलेली नाही. पॅकिंग हॉलचा संगणक चौदा जणी वापरतात, आणि ब्राउझर बंद झाला की कुकी पुसल्या जाव्यात अशी तिथे सेटिंग आहे. त्यामुळे तो संगणक रोज सकाळी अनोळखी ठरतो. बाहेरून चाचपणी चालू असेल त्या दिवशी तिथल्या एखादीला ओटीपी मागावा लागतो, आणि हॉलमध्ये फोन न्यायला बंदी आहे. सध्या सुपरवायझर बाईंच्या फोनवर ओटीपी पाठवून भागवतोय.