थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट: मनगटावरचं घड्याळ की छातीचा पट्टा?

व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात हे तुम्हाला नियमित बघायचं असेल, तर मोजायचं कशाने हे आधी ठरवावं लागतं. मी दोन्ही वापरलंय. सोयीत घड्याळाला तोड नाही. हातावर असतंच, पट्ट्यासारखं ओलं करून बांधा, नंतर धुऊन वाळवा असं काही नाही. झोपेतली नाडी किंवा संथ चालणं बघायचं असेल तर मला तरी दोघांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

घोडं अडतं ते नेमकं त्या मिनिटात. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताच्या हेलकाव्यांवरून ठोके ओळखतं आणि आकडा सारखा उडू नये म्हणून मागच्या काही सेकंदांचा मेळ घालून दाखवतं. ठोके झपाट्याने उतरत असताना ते मागेच रेंगाळतं. पर्वतीच्या पायऱ्या दमछाक होईपर्यंत चढून एकदा दोन्ही आकडे ताडून पाहिले. थांबलो तेव्हा पट्ट्यावर १६८, मिनिटानंतर १३९, म्हणजे उतार २९. घड्याळावर थांबताना १६२. मी उभा असतानाच ते १६५ वर गेलं आणि मिनिट संपलं तेव्हा १४७ वर होतं. उतार १५.

या १५ ने माणूस उगाच धास्तावतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या १९९९ सालच्या ज्या अभ्यासाने या आकड्याकडे लक्ष वेधलं, त्यात १२ किंवा त्याहून कमी उतार वाईट लक्षण ठरला होता. अर्थात तिथली माणसं तपासणीसाठी पाठवलेली होती, आणि ट्रेडमिलवर पुरती दमल्यावर एकदम न थांबता हळूहळू चालत होती. थांबल्याबरोबर आडवं झालं तर ठोके जास्त उतरतात, म्हणून तशा चाचणीत १८ ची रेषा धरतात. उभं राहायचं, चालायचं की बसायचं, जे कराल ते दर वेळी तेच करा. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर या रेषा लावूच नका, डॉक्टरांना विचारा.

‘आकडा चुकीचा असला तरी चढउतार कळतो की,’ असं कोणी म्हणेल. मलाही आधी तेच पटलं होतं. पण घड्याळाचं रेंगाळणंही रोज सारखं नसतं; घाम, थंडी, पट्टी किती आवळली, यावर ते बदलतं. मग चार ठोक्यांची सुधारणा तब्येतीची की मनगटाची, हे कळायला मार्ग उरत नाही.

पट्टाही कोरडा बांधला तर सुरुवातीला भलतेच आकडे दाखवतो. पण ते इतके वेडेवाकडे असतात की लगेच ओळखू येतात. बरीच घड्याळं ब्लूटूथवरून पट्ट्याचे ठोके घेतात. तुमचं घेत असेल तर नुसता पट्टा घेतला तरी भागेल. मी तरी तेवढंच केलं.