ट्रॅन्झॅक्शन ‘पेंडिंग’मध्ये अडकलंय: थांबावं, फी वाढवावी की रद्द करावं?

इथेरियमवर पाठवलेलं ट्रॅन्झॅक्शन तासभर ‘Pending’च दाखवत असेल, तर मेटामास्कसारख्या वॉलेटमध्ये दोन बटणं समोर असतात: ‘Speed up’ आणि ‘Cancel’. तिसऱ्या पर्यायाला बटण नसतं, कारण तो म्हणजे काहीच न करणं. यातला कोणता घ्यायचा हे तुमच्या घाईपेक्षा अडकलेला व्यवहार कशाचा आहे आणि त्याच्या मागे काय उभं आहे यावर ठरतं. तोवर घाबरायचं कारण नाही. पेंडिंग असेपर्यंत फी कापली जात नाही, ती ब्लॉकमध्ये गेल्यावरच लागते.

एक उदाहरण घेऊ. एका खात्यातून तीन व्यवहार गेलेत. नॉन्स 41 म्हणजे इथर विकून यूएसडीसी घेणारा स्वॅप, 42 आणि 43 ही साधी पेमेंट्स. स्वॅप पाठवला तेव्हा बेस फी, म्हणजे नेटवर्कचा किमान दर, 10 ग्वेई होती; ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग. म्हणून त्याची कमाल फी 12 ग्वेई आणि ब्लॉक बनवणाऱ्यासाठीची टिप 1 ग्वेई ठेवली. मग गर्दी झाली आणि बेस फी 30 वर गेली. 42 आणि 43 ला कमाल फी 60 दिलीय, तरी तेही हलत नाहीत.

नॉन्स हा खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक. चेकबुकातले चेक क्रमानेच वटतील असा नियम असता, तर जे झालं असतं तेच इथे होतं: 41 गेल्याशिवाय 42 ला दार उघडत नाही, मग त्याची फी कितीही असो. म्हणून सगळ्यात शेवटी पाठवलेल्या व्यवहाराची फी वाढवून काही होत नाही, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात. अडकलेला सर्वांत लहान नॉन्स शोधायचा. नोडला विचारायचं असेल तर हे दोन प्रश्न पुरतात (पत्ता आपला घालावा):

```
eth_getTransactionCount(पत्ता, "latest")
eth_getTransactionCount(पत्ता, "pending")
```

पहिल्याचं उत्तर 41 आणि दुसऱ्याचं 44 आलं, तर 41, 42, 43 हे तीन रांगेत आहेत आणि बूच 41 वर बसलंय. (नोड ही उत्तरं सोळाच्या पायात देतो, म्हणजे 41 च्या जागी `0x29` दिसेल.)

आता फीचं गणित. ऑगस्ट 2021 च्या लंडन अपग्रेडपासून प्रत्येक ब्लॉकला एक बेस फी असते. आधीचा ब्लॉक किती भरला यावरून ती ठरते आणि एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त 12.5 टक्क्यांनी वर-खाली होते. तुमची कमाल फी त्या क्षणाच्या बेस फीपेक्षा कमी असेल तर तुमचं ट्रॅन्झॅक्शन ब्लॉकमध्ये घेताच येत नाही. इथे टिपेचा मोह कामाचा नाही. उलट कमाल फी मोठी लिहिली म्हणून तेवढी द्यावी लागत नाही. बेस फी 30 आणि टिप 2 असेल, तर कमाल 60 लिहूनही दर 32 च लागतो.

त्यामुळे थांबणं हा पर्याय तेव्हाच खरा, जेव्हा बेस फी तुमच्या कमाल फीच्या जवळपास रेंगाळतेय आणि व्यवहार वेळेचा नाही. शनिवार-रविवारी बऱ्याचदा ती उतरते. आपल्या उदाहरणात मात्र 30 चं 12 व्हायला सलग सात-आठ ब्लॉक अगदी रिकामे जायला हवेत. गर्दीत तसं होत नाही, म्हणजे थांबायचं तर मंदीची वाट पाहायची. शिवाय स्वॅपला बहुधा मुदत असते. ती उलटून गेल्यावर तो ब्लॉकमध्ये शिरला तर आतून फेल होतो, पण फी लागतेच.

फी वाढवणं म्हणजे तोच व्यवहार, तोच नॉन्स, नवी फी. नोड जुन्याच्या जागी नवा घ्यायचा की नाही हे त्याच्या नियमाने ठरवतो. गेथ या नोड चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल फी आणि टिप दोन्ही किमान 10 टक्क्यांनी वाढलेल्या हव्यात. आपल्याकडे म्हणजे 12 चे किमान 13.2 आणि 1 ची किमान 1.1. यातलं एकच वाढवलं तर हा निरोप येतो:

```
replacement transaction underpriced
```

दुसरा सापळा इथेच आहे. 13.2 ला नोड हो म्हणेल, पण बेस फी 30 असताना व्यवहार तसाच पडून राहील. वॉलेट सुचवतं तो आकडा डोळे झाकून स्वीकारू नका. चालू बेस फी पाहा, तिच्यावर थोडी वाढ धरा: कमाल 40, टिप 2. स्वॅपला साधारण 1,50,000 गॅस, म्हणजे कामाची एककं, लागतात असं धरलं, तर दर एककाला 32 ग्वेईने 0.0048 इथर. पण तासाभरात भाव हलला असेल, तर स्लिपेजची, म्हणजे भाव किती घसरलेला चालेल याची, मर्यादा ओलांडून स्वॅप फेल होईल आणि मोठी फी वाया जाईल. जुना स्वॅप घाईने ढकलण्याआधी आजचा भाव एकदा पाहावाच.

रद्द करणं हे नाव जरा फसवं आहे. पाठवलेलं परत घेता येत नाही. त्याच नॉन्सने स्वतःलाच शून्य इथर जास्त फीने पाठवलं जातं आणि ते आधी ब्लॉकमध्ये गेलं की जुना व्यवहार बाद होतो. फीवाढीचा 10 टक्क्यांचा नियम इथेही तोच. गॅस लागतो 21,000, म्हणजे 32 च्या दराने 0.000672 इथर, स्वॅपच्या सातव्या हिश्श्याइतका. म्हणून शिळा स्वॅप मी रद्दच करीन आणि लगेच ताज्या भावाने नवा करीन. साधं इथर पाठवणं अडकलं असेल तर गोष्ट उलट आहे. त्यालाही 21,000 च गॅस लागतो, मग रद्द करण्यात तेवढेच पैसे घालून हाती काहीच येत नाही. पत्ता किंवा रक्कम चुकली असेल तरच रद्द करावं.

शर्यतीत कधी मूळ व्यवहारच जिंकतो. तेव्हा रद्दचा अर्ज `nonce too low` म्हणून परत येतो आणि त्याची फी लागत नाही. एका नॉन्सवर एकच व्यवहार लागू होतो, दोनदा पैसे जायची भीती नाही.

रद्द करण्याआधी मागची रांग मात्र नीट बघा. 41 सुटला की 42 आणि 43 दोघेही लगेच धावतील. 41 हा टोकनला दिलेला ‘approve’ आणि 42 त्यावर अवलंबून असलेला स्वॅप असेल, तर 41 रद्द करताच 42 परवानगीविना चालेल, फेल होईल आणि गॅस खाईल. अशा वेळी उलट्या क्रमाने जायचं: आधी 42 बदलायचा, मग 41.

वॉलेटमधली व्यवहारांची यादी पुसायची सोय यातलं काहीच करत नाही. ती फक्त वॉलेटची स्वतःची यादी पुसते, नेटवर्कवर फिरणारं सही केलेलं ट्रॅन्झॅक्शन तसंच राहतं आणि उद्या बेस फी उतरली की लागूही होऊ शकतं. खरं काय झालं ते इथरस्कॅनवर जुन्या हॅशपुढे दिसतं: ‘Dropped & Replaced’ असेल तर तो नॉन्स दुसऱ्याने घेतला. आणि पैसे एक्सचेंजमधून काढलेले असतील तर नॉन्स त्यांच्या खात्याचा असतो. तिथे तुम्हाला ना फी वाढवता येते ना रद्द करता येतं, त्यांनाच लिहावं लागतं.