गॅस गळाला आणि गाडी गप्प बसली: हीट पंपाचे दोन हिवाळे

इलेक्ट्रिक गाडी घेताना केबिन तापवणाऱ्या हीट पंपासाठी दहा हजार क्रोनर वेगळे मोजले. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "वसूल कधी होणार?" ऑस्लोतला दुसरा हिवाळा संपत आलाय आणि उत्तर मिळालंय. ते मिळालं हीट पंप बंद पडल्यामुळे.

जानेवारीत ऑफिसच्या वाटेवर समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली. बायको म्हणाली, "फडकं ठेव गाडीत." ठेवलं. गरम हवा तर व्यवस्थित येत होती, डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. आठवड्याने लक्षात आलं की एरवी 100 किलोमीटरला 20 युनिट खाणारी गाडी 24 खातेय. हवामान साधारण तेच, उणे तीनच्या आसपास. स्क्रीनवर बघितलं तर केबिन तापल्यावरही हीटिंग अडीच किलोवॉटवर अडकलेलं. आधी तिथे एकच्या आसपास आकडा असायचा.

म्हणजे गाडी गुपचूप विजेच्या साध्या हीटरवर गेली होती. तो हीटर म्हणजे बादलीतला रॉडच: एक युनिट घाला, एक युनिट उष्णता घ्या, त्यापुढे एक कणही नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आणतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून सोडतो, तसंच. आमच्या गाडीच्या पंपात फिरणारा गॅस साध्या दाबाला उणे तिशीच्या आसपास उकळतो. त्यामुळे उणे तीनची हवासुद्धा त्याला गरमच. ती उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून चांगली तापवतो, आणि ती केबिनच्या हवेला ऊब देऊन पुन्हा द्रव होते. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर फिरवायला. एका युनिटात अडीच युनिट ऊब.

माझा रस्ता 25 किलोमीटरचा, गर्दीत 40 मिनिटं. तेवढ्या वेळात केबिनला साधारण 1.7 युनिट उष्णता लागते. हीटरने तेवढीच वीज जाते, पंपाने 0.7. फेरीमागे एक युनिट वाचलं, आणि 25 किलोमीटरला एक म्हणजे शंभराला चार. स्क्रीनवरचा फरक तोच. हीटिंग किलोमीटरवर नाही, घड्याळावर वीज खातं. म्हणून हायवेवर हा फरक विरतो आणि ट्रॅफिक जाममध्ये टोचतो.

पहिल्या हिवाळ्यात मी या पंपाला नावं ठेवली होती, तेही कबूल करतो. डोंगरात उणे 18 ला गेलो होतो, तिथे फायदा जेमतेम दिसला. बाहेर जितकं थंड तितकी उष्णता ओढायला कष्ट जास्त, गुणोत्तर दीडपर्यंत घसरतं आणि साधा हीटरही मदतीला येतो. पंपाची खरी कमाई शून्याच्या आसपास, आणि ऑस्लोचा बहुतेक हिवाळा तिथेच असतो. ते मत मागे घेतलं.

आता सर्व्हिस सेंटर. पहिल्या भेटीत सांगितलं, गरम हवा येतेय, बिघाड नाही. मी काचेबद्दल बोललो तर वायपर बदलण्याचा सल्ला. अहो, काच आतून ओली आहे! तीच खरी खूण होती. दमट हवा आधी गार करून तिच्यातलं पाणी काढायचं आणि मग ती तापवायची, हे काम त्याच गॅसचं. गॅस कमी म्हणजे पंपही बंद आणि काच वाळवणंही बंद. उन्हाळा असता तर एसी गार करत नाही म्हणून पहिल्याच दिवशी कळलं असतं. दुसऱ्या भेटीत स्क्रीनचे फोटो दाखवले तेव्हा दाब मोजला. एका जोडावरची रबरी रिंग गळत होती. वॉरंटीत झालं, पण तीन आठवडे गेले.

बायकोला दिलेला हिशेब असा: दिवसाला दोन युनिट, हिवाळ्यात शंभर कामाचे दिवस, म्हणजे 200 युनिट. दीड क्रोनरने 300 क्रोनर. दहा हजार वसूल व्हायला तेहतीस वर्षं. ती हसली नाही. पैशासाठी घेणार असाल तर घेऊ नका. सीट हीटर लावून केबिन दोन अंश कमी ठेवलंत तरी बरंच वाचतं. मी घेतला याचं समाधान एवढंच की आता जाममध्ये अडकल्यावर बॅटरीचा टक्का बघत हीटर बंद करत नाही.

एक राहिलंच. पहिल्या हिवाळ्यात गाडी थांबवली की कधीकधी बॉनेटच्या पुढून वाफ यायची आणि मी घाबरून धावायचो. बाहेरच्या जाळीवर दव गोठतं, ते वितळवायला गाडी चक्र उलटं फिरवून जाळी तापवते, त्याची ती वाफ. जानेवारीत ती थांबली होती आणि मला कळलंही नव्हतं. परवा पार्किंगमध्ये पुन्हा निघाली. शेजारी धावत आला, मी हात करून त्याला थांबवलं आणि वाफ संपेपर्यंत बघत उभा राहिलो.