लॉकरमधल्या दागिन्यांची यादी: वही, तक्ता की मूल्यांकनकाराचा अहवाल?

लॉकरमध्ये काय आहे याची नोंद बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. त्यापुढचे विम्याकडून मागायचे असो, पोलिसांना चोरीस गेलेला माल सांगायचा असो किंवा पुढे वारसांना वाटणी करायची असो, तुमच्याजवळची यादीच कामी येते. ती कशी ठेवावी, हे एकाच दागिन्यावर तपासून बघू: आजीकडून आलेली, लाख भरलेल्या सोन्याच्या मण्यांची बोरमाळ.

वही. बहुतेक घरांत नोंद अशी असते: "बोरमाळ, साडेतीन तोळे." अडचण तोळ्यात आहे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, तर आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणजे ही माळ ४०.८२ ग्रॅमची की ३५ ग्रॅमची? शिवाय हे वजन सोन्याचे की लाख-दोऱ्यासकट, तेही कळत नाही. वहीला पासवर्ड लागत नाही आणि घरातल्या कोणालाही ती वाचता येते, हा तिचा मोठा गुण. पण फोटो नसल्यामुळे दोन बहिणींच्या सारख्या दिसणाऱ्या माळांपैकी कोणती कोणाची, हे ती सांगू शकत नाही.

फोटोसह तक्ता. मोबाइल किंवा संगणकावर प्रत्येक दागिन्याला एक ओळ द्या. तिच्यात क्रमांक, नाव, ओळखीच्या खुणा, एकूण वजन, निव्वळ वजन, शुद्धता, कोणाकडून आला आणि फोटोचा क्रमांक इतके पुरे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या आणि तो आधी ५० किंवा १०० ग्रॅमच्या वजनाने तपासा. पंख्याखाली आकडा स्थिर राहत नाही, त्यामुळे पंखा बंद करून सपाट टेबलावर तोला.

आपली बोरमाळ काट्यावर ४०.६५ ग्रॅम भरली असे समजा. म्हणजे वहीतले साडेतीन तोळे जुन्या मापाचे होते, आणि तेव्हाही लाख-दोरा धरूनच लिहिलेले. मधला थोडा फरक नव्याने गाठवताना बदललेल्या दोऱ्याचा असू शकतो. निव्वळ सोने यापेक्षा बरेच कमी असेल, पण घरच्या काट्याला ते कळणार नाही. त्या रकान्यात आकडा ठोकून देऊ नका, "लाख भरलेली, निव्वळ माहीत नाही" असेच लिहा. खुणांमध्ये मणी किती, कोणता चेपलेला आणि फासा कसा आहे हे येऊ द्या.

फोटो तीन घ्या: पूर्ण माळ पट्टीशेजारी, माळ काट्यावर आकड्यासह, आणि शिक्क्याचा जवळून. शिक्क्यावर समोरून फ्लॅश मारला की तो चकाकीत बुडतो. उजेड बाजूने, तिरका पाडला की अक्षरे उठून दिसतात. नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी असतो, तो तक्त्यातही उतरवून घ्या. असे फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले की बारीक अक्षरे विरतात. मूळ फाइलच जपा. बँकेचे नाव आणि लॉकर क्रमांक या तक्त्यात लिहू नका.

मूल्यांकनकाराचा अहवाल. आयकर खात्याकडे नोंदणी असलेला दागिन्यांचा मूल्यांकनकार दागिना तोलून, शुद्धता तपासून सही-शिक्क्याचा कागद देतो. विमा किंवा वाटणी यांत याला सर्वाधिक वजन असते. पण त्यातली किंमत त्या दिवसाच्या दराची असते, भाव चढले की ती जुनी होते. कॅरेटमीटर मुख्यतः पृष्ठभागाची शुद्धता वाचतो. आतली लाख किती, हे मणी न उघडता मूल्यांकनकारालाही सांगता येत नाही. म्हणून बोरमाळेच्या निव्वळ वजनापुढे "अंदाजे" आहे का आणि किती वजावट धरली, ते कागदावर लिहून घ्या. कागद घेऊन पाठ फिरवल्यावर हे विचारायला उशीर होतो.

आमच्या मते पाया फोटोसह तक्त्याचा हवा. सगळे दागिने मूल्यांकनाला नेण्याची गरज नाही. पाटल्या, बिलवर, साध्या बांगड्या यांना काटा आणि शिक्का पुरतो. पैसे खर्च करायचे ते लाख भरलेल्या, कुंदनाच्या, मोती-हिऱ्यांच्या दागिन्यांवर, आणि विमा घेणार असाल तर ज्यासाठी विमा कंपनी अहवाल मागेल त्यांवर. तक्त्याची छापील प्रत काढून तिच्यावर तारीख घाला, घरातल्या दोघांच्या सह्या करा आणि ती घरी ठेवा. ती लॉकरमध्येच ठेवली तर लॉकर फुटल्यावर यादीही जाते. लग्नासाठी एखादी ठुशी बाहेर काढलीत तर त्याच दिवशी तिच्या ओळीसमोर तारीख आणि "घरी" लिहा, परत ठेवल्यावर पुन्हा तारीख.