थकलेल्या बिलाची आठवण: व्हॉट्सॲपवर की मेलवर?

बिल पाठवलंय, मुदत टळलीय, आणि आता आठवण करून द्यायची आहे. माणूस ओळखीचा आहे, पुढचं कामही त्याच्याकडूनच येणार आहे, म्हणून बोट सेंड बटणावर थांबलेलं आहे. मी संभाजीनगरात बसून पॅकेजिंग आणि कॅटलॉगची डिझाइनं करतो. गिऱ्हाईक बहुतेक जालना, परभणी, लातूर इकडचं. दोन्ही वाटांनी पैसे मागून झालेत. फोनवरून मागणं इथे धरत नाही. फोनवर सगळं गोड बोलणं होतं आणि ठेवल्यावर हातात काही उरत नाही.

व्हॉट्सॲपची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. मोंढ्यातल्या दुकानदाराला मेल पाठवणं म्हणजे विहिरीत चिठ्ठी टाकणं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर मेलचा पत्ता असतो, पण तो वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं उघडून दिलेला. पासवर्ड त्या पोराकडं, आणि पोरगं पुण्याला. अशा ठिकाणी मालकच मालक, मालकच मुनीम. व्हॉट्सॲपवर बिलाची पीडीएफ आणि खाली दोन ओळी गेल्या की तो दुकानात बसल्या बसल्या पैसे टाकतो. पाच-सात हजारांच्या कामाला मी आजही तेच करतो.

अडचण सुरू होते ती मालक आणि अकाउंटंट ही दोन वेगळी माणसं असली की.

२०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. जालन्याच्या एका बियाणे कंपनीचा खरीप कॅटलॉग केला. काम ८०,००० रुपयांचं. ३२,००० आगाऊ मिळाले, उरलेल्या ४८,००० चं बिल १३ मे रोजी मेलनं दिलं, १५ दिवसांच्या मुदतीनं. म्हणजे २८ मे. खरिपाच्या तोंडावर बियाणेवाल्याला पैसे मागू नयेत हे मलाही कळतं, म्हणून ३ जूनपर्यंत गप्प राहिलो. मग शेठना व्हॉट्सॲपवर लिहिलं: “नमस्कार शेठ, कॅटलॉगचं बिल राहिलंय, जरा बघता का?” दहा मिनिटांत उत्तर आलं: “हो भाऊ, बघतो. तेवढं ते सोयाबीनच्या पानावरचं वाण खाली घ्या अन् कापूस वर, पीडीएफ फिरवायचीय.”

मी कापूस वर घेतला.

२० जूनला परत लिहिलं. “अकाउंटंटला सांगितलंय. अन् हे बघा, तुरीच्या पाकिटावर लोगो बारीक दिसतोय.” ९ जुलैला परत. अंगठा आला, आणि त्याच्या खाली एका डीलरच्या दुकानाचा फोटो: “याचा बॅनर करता येईल का?”

माझं मत ठरलं ते इथे. निळ्या खुणा दिसूनही उत्तर न येणं मला एवढं खुपत नाही. खुपतं ते हे, की व्हॉट्सॲपवर पैशाच्या आठवणीला काम हेच उत्तर म्हणून येतं. एकाच खिडकीत मागणीही आहे आणि कामही, त्यामुळे शेठच्या लेखी मी पैसे मागणारा नसतो, समोर आलेला डिझायनर असतो. मी आठवण करून दिली की त्यांना राहिलेलं काम आठवतं. दीड महिन्यात तीन आठवणी गेल्या आणि तीन फुकट दुरुस्त्या झाल्या. शेठ लबाड नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांनी अकाउंटंटला खरंच सांगितलं असणार, जिन्यात, घाईत, “त्या डिझाइनवाल्याचं बघा” एवढंच. कोणतं बिल, किती, कोणत्या खात्यावर, हे अकाउंटंटपर्यंत पोचलंच नाही. माझा व्हॉट्सॲप त्याला दिसत नव्हता आणि शेठचा फोन त्याच्या हातात येत नव्हता.

त्यात माझ्या मजकुराचाही दोष होता. “जरा बघता का” याला “बघतो” हे पूर्ण आणि खरं उत्तर आहे. बिलाचा क्रमांक नाही, रक्कम नाही, तारीख नाही. व्हॉट्सॲपवर हे सगळं लिहिता येत नाही असं नाही, पण माझा तरी हात तिथे आपोआप सैल पडतो. शेजारी गणपतीचं चित्र आणि सुप्रभात असताना “८३ दिवस झाले” असं लिहायला जीभ रेटत नाही.

ऑगस्टमध्ये रिटर्नच्या दुसऱ्याच कामासाठी आयकराच्या साइटवर माझं २६ एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघडलं. त्या कंपनीच्या नावापुढे ४८,००० वर कापलेला ४,८०० रुपये टीडीएस दिसला, मे महिन्याच्या तारखेनं. टीडीएस पैसे देताना कापायचा किंवा बिल वहीत जमा धरताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. पैसे तर मिळालेच नव्हते. म्हणजे बिल मे महिन्यातच वहीत चढलेलं होतं, कर कापून सरकारकडं गेलाही होता. उद्या कुणी “बिल मिळालंच नाही” म्हणालं असतं तरी आता ते टिकणार नव्हतं. एप्रिल ते जून या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ जुलै असते, म्हणून उन्हाळ्यातल्या बिलाचा हा माग ऑगस्टच्या आत सहसा सापडत नाही. आणि तिथे काहीच दिसलं नाही तर बिल चढलंच नाही असं मात्र समजू नये. विवरण उशिरा भरणारेही पुष्कळ असतात.

मग १९ ऑगस्टला मेल केला. नवा मेल नाही, १३ मे च्या बिलाच्या मेललाच उत्तर दिलं, म्हणजे जुना मजकूर तारखेसकट खाली राहिला. शेठना लिहिला आणि प्रत अकाउंटंटला. मजकूर असा होता:

“नमस्कार शेठ,
१३ मे रोजी पाठवलेल्या बिल क्र. २३ ची मुदत २८ मे होती. आज मुदत उलटून ८३ दिवस झाले. टीडीएस वजा जाता ४३,२०० रुपये येणे आहे. आपण कापलेला ४,८०० रुपये टीडीएस माझ्या २६ एएसमध्ये दिसतो, म्हणजे बिल आपल्याकडे नोंदलेले आहे, त्याबद्दल आभार.
कृपया ही रक्कम शनिवार, ३१ ऑगस्टपर्यंत जमा करावी. त्या दिवसापर्यंत शक्य नसेल, तर कोणत्या तारखेला होईल ते याच मेलवर कळवावे. रक्कम जमा झाली की दुसऱ्या दिवशी रब्बीच्या पाकिटांचे काम सुरू करतो.
बिल, पॅन आणि बँकेचा तपशील एकाच फाइलमध्ये सोबत जोडला आहे.”

यात एकही कडक शब्द नाही. जोर आहे तो तारखेत, आणि “दुसऱ्या दिवशी सुरू करतो” या वाक्यात. काम बंद केलंय असं कुठेच लिहिलेलं नाही. “लवकरात लवकर” हा शब्द मी ठरवून टाळतो, त्याची तारीख ज्याच्या त्याच्या सोयीची असते. बँकेचा तपशील पुन्हा जोडायचा तो अकाउंटंटसाठी. त्याला जुना मेल शोधायला लागला की तुमचं बिल उद्यावर गेलंच.

खाली सहीत माझा उद्यम क्रमांक असतो, म्हणजे लहान उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा, फक्त क्रमांक. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हे २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याजही लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अशी मुदत चुकवलेली रक्कम खरेदीदाराला ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. अकाउंटंटला हे पाठ असतं. पण याची धार फार धरू नका. मे महिन्याचं बिल त्यांनी फेब्रुवारीत दिलं तरी खर्च त्याच वर्षात बसतो, करात त्यांचं काही जात नाही. मार्च ओलांडला तरच टोचतं. आणि नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी. बिल थकल्यावर उद्यम काढून मागच्या तारखेचा हक्क सांगायला गेलात तर अडकाल. म्हणून पहिल्या मेलमध्ये मी कायदा लिहीत नाही. क्रमांक बघून ज्याला कळायचं त्याला कळतं.

मेलचा तोटाही सांगतो, तो खरा आहे. शेठचा संध्याकाळी फोन आला. “मेल कामून केला भाऊ? मला एक शब्द टाकायचा ना. आपल्यात असं आहे का?” आवाजात राग कमी आणि लागलेलं जास्त. अकाउंटंटच्या समोर त्यांचं बिल निघालं होतं, आणि आपल्याकडं चार माणसांत पैसे मागणं हे मागण्यापेक्षा मोठं होतं. तेव्हापासून मी मेल गेल्याबरोबर मालकाला व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकतो: “शेठ, बिलाचा मेल आपल्याला आणि अकाउंटंट साहेबांना पाठवलाय, नजरेखालून घाला.” रक्कम, तारीख काही नाही. मान तिकडं राहतो, मागणी इकडं.

तेव्हा ज्याचं गिऱ्हाईक एकट्यानं गल्ल्यावर बसतं त्यानं व्हॉट्सॲपवरच लिहावं, फक्त बिलाचा क्रमांक, रक्कम आणि तारीख घालून. जिथे पैसे देणारा हात वेगळा आहे तिथे माझा कल मेलकडं आहे. एका-दोघांना मेलनं नातं तुटल्याचा अनुभव आलाय, मला अजून नाही. माझं गिऱ्हाईक कदाचित जरा मऊ असेल.

शेठच्या अकाउंटंटनं त्याच मेलवर दुसऱ्या दिवशी एका ओळीत कळवलं: “३० तारखेस एनईएफटी करतो.” ३० ऑगस्टला, पोळ्याच्या तीन दिवस आधी, ४३,२०० जमा झाले. तासाभरात शेठचा व्हॉट्सॲप: “मिळाले ना? आता ते हरभऱ्याच्या पाकिटाचं तेवढं हिरवं जरा गडद करा.”

मी लिहिलं, “मिळाले शेठ, आभार. हिरव्याचं मेलवर टाका, उद्या सकाळी घेतो.”