438 की 482? सात महिने वापरलेल्या एका गाइडबद्दल

लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएलएम प्रवेशाची क्लॅट पीजी आणि पुढे न्यायाधीशपदाची जेएमएफसी परीक्षा, दोन्ही एकाच पुस्तकात उरकेल या हिशेबाने फोर्टातून एक जाडजूड एमसीक्यू गाइड आणलं. कव्हरवर 'नवीन कायद्यांसह सुधारित आवृत्ती'. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही.

दिवाणी भागाबद्दल तक्रार नाही. सीपीसी आणि मालमत्ता हस्तांतरण नीट समजावलंय, विशिष्ट अनुतोष कायद्यातली 2018 ची दुरुस्तीही आहे.

घोळ फौजदारीत झाला. प्रश्न साधा: अटकपूर्व जामीन कोणत्या कलमाखाली? उत्तर छापलंय 438. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, ते बरोबरच होतं. पण तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या बीएनएसएसमध्ये ते 482 आहे. गंमत म्हणजे बीएनएसएसमध्येही 438 आहेच, फक्त ते पुनरीक्षणासाठी खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवण्याचं, म्हणजे जुनं 397. आणि आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं 482, हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते आता 528. त्यामुळे चुकीचं उत्तर वाचताना खटकतच नाही. मी दोन महिने तेच पाठ करत होतो. एका टेस्टमध्ये याच तीन कलमांवर मार्क गेले, तेव्हा कायद्याचा मूळ मजकूर, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट उघडला.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं तर बीएनएसएसचं 173(3) शोधा. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी, अशी ती तरतूद. सीआरपीसीत असं कलमच नव्हतं, त्यामुळे नुसते आकडे बदलून ते पुस्तकात येत नाही. त्यावर एकही प्रश्न नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

आता मी इंग्रजी-मराठी बेअर अ‍ॅक्ट वाचतो आणि प्रत्येक कलमाशेजारी पेन्सिलने जुना नंबर लिहितो. जुना पुसून चालत नाही, कारण 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागते. इंटर्नशिपला सरांच्या तोंडी अजून 'चारशेवीस'च असतं, आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसचं 318(4) कोणी म्हणत नाही.

क्लॅट पीजीसाठी तर हे गाइड जवळजवळ निरुपयोगी. तिथे उतारा वाचून उत्तरं द्यायची, 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकलं की पाव मार्क जातो. यातले एका ओळीचे प्रश्न सोडवून तो वेग येत नाही. त्यापेक्षा मूळ निकालपत्रांची पानं घड्याळ लावून वाचली, ते कामी आलं.

जेएमएफसीसाठी घाई करण्यात अर्थ नव्हता, हे उशिरा कळलं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. तोवर आणखी एक-दोन आवृत्त्या येतील. दिवाणीची पानं ब्लेडने कापून स्पायरल करून घेतली, लोकलमध्ये उभ्याने वाचता येतात. उरलेलं गाइड रद्दीवाल्याने वजनावर नेलं.