एसजेएफ की एमएलएफक्यू? बर्स्ट टाइम आधी कुणाला माहीत असतो!

एसजेएफ, म्हणजे सीपीयूवर सगळ्यात छोटी प्रोसेस आधी चालवायची, याचं गणित बरोबरच आहे, पण प्रोसेस किती वेळ घेणार हे आधी सांगणार कोण? एमएलएफक्यू, म्हणजे प्राधान्यानुसार वर-खाली अनेक क्यू, विचारतच नाही, नव्या प्रोसेसला सरळ वरच्या क्यूत घेतं.

समजा तीन क्यू आहेत आणि वरून खाली क्वांटम, म्हणजे एका पाळीचा वेळ, 10, 20, 40 मिलिसेकंद. 200 मिसेची प्रोसेस ए सगळ्यात खालच्या क्यूत चालू आहे, 100व्या मिसेला 15 मिसेची बी आली, की ए थांबते, बी वर 10 चालते, संपली नाही म्हणून एक पायरी खाली येते आणि तिथेही ए च्या वरच असल्याने उरलेले 5 संपवून 115ला मोकळी होते. चालू प्रोसेस मध्येच थांबवणाऱ्या प्रीएम्प्टिव्ह एसजेएफमध्येही 115च!

बी 300 मिसेची असती तर मात्र एमएलएफक्यूने ए ला सुरुवातीलाच उगाच 30 मिसे थांबवलं असतं. छोट्या प्रोसेस येतच राहिल्या तर दोन्हीकडे ए उपाशी, फक्त एमएलएफक्यूत ठरावीक वेळाने सगळ्यांना परत वर आणता येतं.